आकारी सोडवताना या चुका टाळा: ठिपका म्हणजे उजेड नव्हे

आकडे सगळे जुळलेत, एकही बल्ब दुसऱ्या बल्बवर उजेड टाकत नाही, आणि तरी वरच्या ओळीतली दोन घरं काळोखात. आकारी हे बल्बचं कोडं सोडवणाऱ्यांची गाडी हमखास इथेच अडते. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर संध्याकाळी वहीत किंवा फोनवर कोडी सोडवणारी आमची चारपाच जणांची टोळी बसते. तिथे नव्याने आलेला प्रत्येक जण ‘माझं सगळं बरोबर आहे, कोडंच चुकलंय’ असं एकदा तरी म्हणतो. कोडं बहुतेक वेळा बरोबर असतं. चूक असते ती काळोख्या घरांकडे सर्वांत शेवटी बघण्यात.

नियम थोडक्यात. जपानच्या निकोली प्रकाशनाने लोकप्रिय केलेलं हे कोडं मोबाईलवर ‘लाइट अप’ नावानेही सापडतं. पांढऱ्या घरांत बल्ब ठेवायचे. बल्बचा उजेड आडवा आणि उभा, काळं घर किंवा कड येईपर्यंत जातो. प्रत्येक पांढऱ्या घरात उजेड पोचला पाहिजे आणि दोन बल्ब एकमेकांच्या उजेडात यायला नकोत. काळ्या घरातला आकडा त्याच्या चार बाजूंना, म्हणजे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, मिळून किती बल्ब आहेत ते सांगतो. तिरप्या घरांचा त्यात हिशोब नाही.

पुढचं सगळं या एका छोट्या कोड्यावर बोलतो. स्तंभांना अक्षरं दिली आहेत (ङ लिहायचा कंटाळा, म्हणून थेट च), ओळींना आकडे. भरीव चौकोन म्हणजे आकडा नसलेलं काळं घर.

```
    क ख ग घ च
१   ■ □ □ □ □
२   □ ० □ ० □
३   □ □ □ □ □
४   □ १ □ २ □
५   □ □ □ □ □
```

पहिली चूक: ठिपका दिला की घर विसरायचं

शून्याच्या चारही बाजूंना बल्ब नको, म्हणून तिथे ठिपके द्यायचे हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून कळतं. इथे दोन शून्यांमुळे सात घरांत ठिपके येतात: ख१, घ१, क२, ग२, च२, ख३, घ३. गोंधळ त्यानंतर होतो. ठिपका पडला की डोळा ते घर ‘झालं’ असं धरतो आणि रिकाम्या घरांकडे वळतो. खरं तर ठिपक्याने एवढंच सांगितलं की इथे बल्ब येणार नाही. उजेड अजून आलेला नाही. उलट या घराची अडचण वाढली, कारण स्वतःत बल्ब ठेवून उजळायचा मार्ग बंद झाला. आता उजेड बाहेरूनच यायला हवा.

म्हणून ठिपका दिल्यावर लगेच विचारा: याला उजेड देणार कोण? ग२ च्या डाव्या-उजव्या अंगाला शून्यं आहेत, त्याला फक्त ग स्तंभातून उजेड मिळेल: ग१, ग३, ग४ किंवा ग५. क२ ला क३, क४, क५ असे तीन पर्याय. ख३ आणि घ३ ला क३, ग३, च३. ख१ मात्र बघा. खाली शून्य, डावीकडे क१ चं काळं घर. उरली पहिली ओळ, आणि तिथे घ१ वरही ठिपका आहे. म्हणजे ख१ ला उजेड देऊ शकतील अशी दोनच घरं, ग१ आणि च१. ज्या घराचे पर्याय सर्वांत कमी, तिथून सुरुवात करायची. नवखा माणूस सर्वांत मोठ्या आकड्यापासून सुरू करतो, आणि इथे नेमकं तेच अंगाशी येतं.

कागदावर सोडवत असाल तर दोन वेगळ्या खुणा ठेवा: बल्ब नको असेल तिथे ठिपका, उजेड पोचला तिथे पेन्सिलची फिकट रेघ. ठिपका आहे पण रेघ नाही, अशी घरं म्हणजे तुमची कामाची यादी. फोनवर उजळलेलं घर बहुधा पिवळं होतं, त्यामुळे हे आपोआप दिसायला हवं. पण आपण ठिपके बघतो, रंग बघत नाही.

दुसरी चूक: आकडा भागला म्हणजे बल्ब बरोबर

आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी हेच कोडं वहीत उतरवून घेतलं होतं. त्यांनी २ च्या डावी-उजवीकडे, ग४ आणि च४ मध्ये, बल्ब लावले. २ भागला. ग४ चा बल्ब १ लाही चिकटलेला, तोही भागला. मग क३ मध्ये एक, त्याने तिसरी ओळ आणि क स्तंभ उजळला. चारही आकडे खूश.

“आता सांग, यात काय चूक आहे?” त्यांनी वही पुढे केली.

“काकू, ख१ ला उजेड कुठून येतोय?”

“ग१ मधून… नाही रे, तिथे ग४ चा उजेड आलाय, बल्ब नाही लावता येणार. मग च१.” मग त्या थांबल्या. “तिथे च४ चा.”

खालच्या ओळीतही ख५ आणि घ५ अंधारातच होती. एकात बल्ब लावला तर १ चे दोन होतात, दुसऱ्यात लावला तर २ चे तीन. पण ही लक्षणं नंतरची, मूळ दुखणं ख१ मध्ये. दोन काळ्या घरांच्या मधला बल्ब आपल्या ओळीत कुठेच पोचत नाही, पण आपला अख्खा स्तंभ अडवून बसतो. ग४ आणि च४ मिळून ग आणि च हे दोन्ही स्तंभ अडवतात, आणि पहिल्या ओळीला बल्बसाठी नेमक्या त्याच स्तंभांची गरज आहे. म्हणून ग४ आणि च४ दोन्हीत बल्ब असूच शकत नाही.

एवढं कळलं की कोडं सुटतंच. २ च्या वर घ३ मध्ये ठिपका आहे, म्हणजे ग४, च४, घ५ या तिघांतून दोन हवेत. ग४ आणि च४ दोन्ही नाहीत, म्हणजे घ५ मध्ये बल्ब नक्की आणि त्या दोघांपैकी एकात. घ५ ने पाचवी ओळ उजळली, त्यामुळे क५ मध्ये बल्ब नाही. क२ साठी उरले क३ किंवा क४. समजा क४. मग १ भागला, ग४ बाद, २ साठी च४ घ्यावा लागतो, आणि ख१ साठी उरतो ग१. आता क, ग, च तिन्ही स्तंभांत एकेक बल्ब झाला, मग तिसऱ्या ओळीत बल्ब लावायला जागाच नाही आणि ख३ काळोखात. क४ बाद, क३ नक्की. १ च्या शेजारी ख३ ला ठिपका, क४ आणि ख५ दोन्ही उजळलेली, उरला ग४. म्हणून च४ नाही, ग१ नाही, आणि ख१ ला उजेड देणारा च१. उत्तर: च१, क३, ग४, घ५. सबंध मांडणीत दोनच घरांनी निर्णय दिला, ख१ आणि ख३, आणि दोन्हींवर पहिल्याच मिनिटाला ठिपका पडला होता.

तिसरी चूक: कोपऱ्याचा नियम पाठ करून लावणं

‘३ च्या तिरप्या घरांत बल्ब नको’ हे बहुतेकांना माहीत असतं. कारण सोपं आहे: तिरप्या घरातला बल्ब आकड्याच्या दोन बाजू उजळतो, म्हणजे तिथले बल्ब बाद. चारातून दोन गेल्या, ३ कसे बसणार? पण नियम ३ चा नाही, शिल्लक बाजूंचा आहे. २ च्या तीनच बाजू मोकळ्या असतील, तर त्यालाही तो लागू पडू शकतो.

आपल्या कोड्यात घ३ ला ठिपका आहे, म्हणून २ च्या तीन बाजू उरल्या: ग४, च४, घ५. ग५ मध्ये बल्ब ठेवला तर ग४ आणि घ५ दोन्ही उजळतात, फक्त च४ उरतो, २ भागत नाही. म्हणून ग५ ला ठिपका, आणि त्याच कारणाने च५ ला. पण वरच्या ग३ चं तसं नाही. तिथला बल्ब घ३ आणि ग४ उजळतो. घ३ तर आधीच बाद होतं, म्हणजे नुकसान एकाच बाजूचं. घ५ आणि च४ शिल्लक राहतात, २ भागतो. या नियमाने ग३ ला ठिपका देता येत नाही, च३ लाही नाही. चारही कोपऱ्यांत डोळे झाकून ठिपके देणारा इथे योगायोगाने वाचतो, कारण खऱ्या उत्तरात ती घरं रिकामीच आहेत. पुढच्या कोड्यात वाचेलच असं नाही.

अडकलात तर सगळं खोडू नका

पर्यायच न उरलेलं एक काळोखं घर शोधा. त्याला उजेड देऊ शकणारी सगळी घरं मोजा आणि प्रत्येकाला विचारा, तुला कोणी अडवलं? कोणाला आकड्याने अडवलं असेल, कोणाला बल्बने. कोणताही बल्ब न धरता निव्वळ आकड्याने दिलेला ठिपका खरा असतो, तो राहू द्या. बल्बने अडवलं असेल तर तो बल्ब संशयित. काकूंच्या वहीत ग१ ला ग४ ने अडवलं होतं आणि च१ ला च४ ने. संशयित दोनच, त्यांपैकी किमान एक चुकीचा. क३ चा बल्ब त्यांनी अंदाजाने लावला होता, तरी या भांडणात त्याचा काही हात नव्हता, आणि पुढे तो बरोबरच निघाला. सगळी वही खोडली असती तर तोही गेला असता.

आकडा नसलेलं काळं घर म्हणजे शून्य नव्हे

त्याच्या शेजारी कितीही बल्ब चालतात. दुसऱ्या टोकाला, काही जण त्याला शोभेचं समजतात आणि वहीत उतरवताना विसरतातही. आपल्या कोड्यात क१ पांढरं राहिलं तर घ५ आणि ग४ तेच येतात, पण पुढे दोन उत्तरं निघतात: च१ आणि क३, किंवा क१ आणि च३. दोन्हींत आकडे जुळतात आणि सगळी घरं उजळतात. कोडं तर्काने सुटत नाही, दोन बल्ब दोन पद्धतीने बसतायत असं दिसलं, तर आधी काळी घरं मूळ चित्राशी ताडून बघा.