ड्रायर तीन मिनिटांत बंद पडतोय? आधी मागची जाळी बघा

जुलैमध्ये बहिणीचा हेअर ड्रायर असंच करायला लागला, तीन मिनिटं मस्त चालायचा, मग एकदम बंद, आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत आपोआप ठीक. पुण्यातल्या पावसात कपडे वाळेनात म्हणून ती मुलाचे मोजे आणि टॉवेलसुद्धा त्यानेच वाळवत होती, तेव्हाच मला वाटलं की मागे लव साचली असणार.

होतं काय, की मागच्या जाळीतून पंखा हवा ओढतो आणि तीच हवा कॉइलची उष्णता बाहेर नेते. जाळीवर केस आणि कपड्यांची लव बसली की हवा कमी पडते, पण कॉइल तेवढीच तापत राहते. मग कॉइलजवळची दोन धातूंची छोटी पट्टी, म्हणजे थर्मल कटआउट, तापून वाकते आणि करंट तोडते, गार झाली की परत जोडते. म्हणजे कटआउट बिघडलेला नसतो, तो त्याचं काम करत असतो! काही मॉडेलमध्ये पंखा चालू राहतो आणि फक्त गरम हवा थांबते.

खात्री करायची तर कूलवर चालवून बघा. तिथे दहा मिनिटं न थांबता चालला आणि हॉटवरच बंद पडला, तर भानगड तापण्याचीच आहे.

आता प्लग काढा आणि अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या. मागचं झाकण बहुतेक वेळा फिरवून किंवा ओढून निघतं, निघत नसेल तर जोर लावू नका, बाहेरूनच साफ करा. जाळीचं तोंड खाली धरून कोरड्या टूथब्रशने घासा म्हणजे कचरा खाली पडेल, आत जाणार नाही. तोंडाने फुंकर अजिबात मारू नका, लव कॉइलवर जाऊन बसते आणि पुढच्या वेळी जळका वास येतो. उरलेले केस चिमट्याने काढा. जाळी सुटी निघाली तर धुतली तरी चालेल, पण पूर्ण वाळल्यावरच बसवा, आणि ड्रायरला स्वतःला पाणी नको.

बहिणीच्या जाळीवरून अक्षरशः नमद्यासारखा राखाडी थर निघाला. नंतर टिश्यूचा छोटा तुकडा चालू ड्रायरच्या जाळीजवळ नेला तर टपकन चिकटला, आधी नुसता हलत होता. हॉटवर आठ मिनिटं चालला, बंद पडला नाही.

साफ करूनही थांबत असेल तर पुढचं चपटं नोझल काढून बघा, ते डोक्याला टेकवून धरलं तरी हवा अडते. पंख्याचा आवाज मंद किंवा घरघर असेल तर बहुधा शाफ्टला केस गुंडाळलेत, मग खोलावा लागतो. आणि गार होऊनही अजिबात चालू होत नसेल, तर कदाचित थर्मल फ्यूज उडालाय, तो एकदाच उडतो, परत जुळत नाही. पुण्यात तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत किंवा कुठेही दुरुस्तीला दिलात तर त्याच रेटिंगचा नवीन टाकायला सांगा, वायर डायरेक्ट जोडून देतो म्हणाले तर ड्रायर परत घेऊन या.