कोषाध्यक्षपदाची एक ओळ

अकरा वर्षांनी नोकरी शोधायला निघाले, तेव्हा माझ्या रेझ्युमेत बी.कॉम. होतं, लग्नाआधीची दोन वर्षांची नोकरी होती आणि अगदी तळाशी 'समाजकार्याची आवड' असं लिहिलेलं होतं. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाचे हिशेब मी सहा वर्षं सांभाळले, ते सगळं त्या 'आवडी'त गडप झालं होतं. अकाउंट्स असिस्टंटच्या जागांसाठी अर्ज करत होते, पण दोन महिन्यांत एकही फोन आला नाही.

मग मंडळाच्या जुन्या वह्या काढून बसले आणि दरवर्षी नेमकं काय करत होते ते मोजलं. ती ओळ तळातून उचलून शिक्षणाच्या वर, 'अनुभव' या मथळ्याखाली नेली. रेझ्युमे इंग्रजीत होता, मजकूर असा: 'मानद कोषाध्यक्ष (विनावेतन), 2017 ते 2023. सुमारे 140 वर्गणीदारांच्या पावत्या, साडेतीन लाखांपर्यंतचा वार्षिक जमाखर्च, दर महिन्याला बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ, वार्षिक सभेत हिशेब सादर.' 'विनावेतन' हा शब्द मुद्दाम ठेवला. तो लपवला असता तर पगाराची स्लिप मागितल्यावर अडचण झाली असती.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मी घरीच शिकले, त्याच्या शिकण्यासाठीच्या एज्युकेशनल मोडमध्ये. त्यात महिन्याच्या 1, 2 आणि शेवटच्या तारखेलाच व्हाउचर टाकता येतं. म्हणून मंडळाच्या एका वर्षाच्या सगळ्या नोंदी त्याच तारखांवर बसवून पुन्हा केल्या. रेझ्युमेत 'टॅली: स्वयंअध्ययन, एका संस्थेच्या वर्षभराच्या नोंदींचा सराव' इतकंच लिहिलं. एका मैत्रिणीने 'जीएसटी रिटर्न' घालायला सुचवलं होतं, मी घातलं नाही. मंडळाला जीएसटी नव्हताच. जीएसटीचं 3बी रिटर्न कधी भरतात एवढं पाठ करून निभत नाही, कारण पुढचा प्रश्न इनपुट क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा येतो.

सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याकडे मुलाखत झाली, तेव्हा प्रश्न त्या ओळीवरूनच निघाले. "पासबुक आणि वहीत फरक आला तर?" मी 2019 सालचा 2,100 रुपयांचा फरक सांगितला: वर्गणीचा चेक आम्ही 30 मार्चला जमा धरला होता, बँकेत तो एप्रिलमध्ये वटला. मग त्यांनी संगणकासमोर बसवलं. टॅलीत एफ5 पेमेंट, एफ6 रिसीट, एफ4 कॉन्ट्रा, म्हणजे रोकड आणि बँक यांच्यातली आपापसातली नोंद. बँकेतून काढलेली रोकड मी कॉन्ट्रात टाकली, पेमेंटमध्ये नाही. ते बघून त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

अकरा वर्षांबद्दल रेझ्युमेत एकच ओळ होती: '2012 ते 2023: कौटुंबिक जबाबदारी, याच काळात वरील मानद काम.' नवऱ्याचं नाव, मुलांची वयं, जात काढून टाकली. हिशेबाच्या कामाशी त्यांचा संबंध नाही.

एक काम मात्र वेळेवर करा. मंडळाच्या लेटरहेडवर पदाचं नाव, कालावधी आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र अध्यक्षांच्या सहीने घ्या आणि त्यांना विचारूनच त्यांचा नंबर संदर्भासाठी द्या. मी पत्र मागायला गेले तोवर कार्यकारिणी बदलली होती. नव्या अध्यक्षांना माझं काम ठाऊक नव्हतं, म्हणून जुन्या अध्यक्षांना सोबत घेऊन, वह्या दाखवून ते लिहून घ्यावं लागलं.