खिडकीच्या ग्रिलचे कोटेशन: वेल्डरने स्वतःचा गाळा सुरू केल्यावर भाव कसा काढावा

वेल्डिंग येते म्हणून गाळा चालत नाही. नवा मालक बहुधा फसतो तो भाव सांगताना, कारण बाजूचा जो भाव सांगतो तोच तोही सांगतो. त्यापेक्षा आधी वजन काढा.

समजा १.२ मीटर बाय १.२ मीटरच्या चार खिडक्या आहेत. प्रत्येक ग्रिलला २५×५ मिमी पट्टीची चौकट, तशाच दोन आडव्या पट्ट्या आणि १० मिमी चौरस सळईचे ११ उभे गज. पट्टी मीटरला साधारण ०.९८ किलो भरते, सळई ०.७८५ किलो. पट्टी ७.२ मीटर म्हणजे ७ किलो, सळई १३.२ मीटर म्हणजे १०.४ किलो. एक ग्रिल १७.४ किलोची, चार मिळून सुमारे ७० किलो.

आता तुकडे मोजा. सळई सहसा ६ मीटरची येते. चौकटीच्या आत बसणारा गज ११९ सेंटिमीटरचा, म्हणून एका सळईत पाच गज बसतात आणि कटिंग व्हीलने खाल्लेले मिलिमीटरही भागतात. खिडकी १.३ मीटरची असती तर चारच निघाले असते आणि जवळपास ८० सेंटिमीटर भंगारात गेले असते. म्हणून ‘पाच टक्के वाया’ हा ठोकताळा प्रत्येक कामाला लावू नका. इथे तो चालतो, तेव्हा ७३ किलो माल धरा.

किलोला ६० रुपये धरले (खरा भाव त्या दिवशी दुकानात विचारा) तर लोखंड ४,३८० रुपये. वेल्डर ९०० आणि हेल्पर ६०० रोजाने, दोन दिवसांचे ३,०००. तुम्ही स्वतः वेल्डिंग केलेत तरी ते ९०० लिहायचेच. रॉड, व्हील, रेड ऑक्साइड, ऑइल पेंट १,२००. टेम्पो आणि बसवणी १,०००. बेरीज ९,५८०.

बरेच जण इथेच थांबतात. गाळ्याचे भाडे, वीजबिल आणि मशीनचा हप्ता महिन्याला १५,००० असेल आणि काम २५ दिवस होत असेल, तर दिवसाला ६०० पडतात. दोन दिवसांचे १,२०० मिळवले की खर्च १०,७८०. त्यावर १५ टक्के नफा धरून १२,४०० सांगा. तयार मालावर हा भाव किलोला १७७ रुपयांच्या आसपास पडतो.

गिऱ्हाईक म्हणेल, “तो पलीकडचा १४० ने देतो.” ७० किलोचे ९,८०० होतात, म्हणजे भाडे खिशातून. अशा वेळी भाव पाडण्याऐवजी गजांमधले अंतर वाढवून चालेल का, ते विचारा. मात्र घरात लहान मूल असेल तर १० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका.

कोटेशन कागदावर द्या: सळई-पट्टीचे माप, रंगाचे हात किती, बसवणी धरली आहे की नाही. अर्धी रक्कम आगाऊ घ्या. लोखंड आणि रंग त्यात येतात. माल आला की वजनकाट्यावर घाला आणि जाडी मापून बघा, कारण १० मिमी म्हणून आलेली सळई कधी कधी बारीक निघते. वजन कमी भरले तर माल उतरवून घ्यायच्या आधीच दुकानदाराशी बोला.