माझा अनुभव: रजिस्ट्रेशन नूतनीकरण आणि दोन प्रमाणपत्रं

माझं फार्मासिस्ट रजिस्ट्रेशन डिसेंबरअखेर संपत होतं. ऑक्टोबरमध्ये फाइल काढली. रिफ्रेशर कोर्सची दोन प्रमाणपत्रं होती, त्यामुळे मी निश्चिंत होते. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, 2015 प्रमाणे पाच वर्षांत किमान एकेक दिवसाचे दोन कोर्स लागतात.

तारखा नीट पाहिल्या तेव्हा धस्स झालं. एक कोर्स मागच्या नूतनीकरणाच्या आधीचा, म्हणजे या पाच वर्षांत मोजलाच जाणार नव्हता. दुसऱ्यावर माझं सासरचं नाव, आणि रजिस्टरवर अजून माहेरचंच. नावं जुळली नाहीत की अर्ज त्रुटी दाखवून परत येतो.

आधी नावाचं काम हाती घेतलं. आयोजकांना रजिस्ट्रेशन क्रमांक, हजेरीची पावती आणि विवाह नोंदणी दाखला पाठवला. आठ दिवसांत रजिस्टरप्रमाणे नाव घालून नवीन प्रमाणपत्र मिळालं. मग नोव्हेंबरमधल्या एका रविवारी नवा कोर्स केला. दुकान दुसऱ्या फार्मासिस्टच्या हवाली करूनच गेले, कारण नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीशिवाय प्रिस्क्रिप्शनची औषधं देता येत नाहीत.

मुदत टळली आणि शुल्क भरलं नाही तर नाव रजिस्टरमधून कमी होतं, आणि दुकानाचा परवाना माझ्याच नावावर उभा आहे. म्हणून आता कोर्सच्या फॉर्मवर मी रजिस्टरवरचंच नाव लिहिते, आणि प्रमाणपत्र हातात पडताच त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवते: कोणत्या पाच वर्षांतलं, पहिलं की दुसरं.