ऑक्सिजन वाढवूनही आकडा वाढत नसेल, तर या चुका टाळा

भातलावणीच्या दिवसांत, रत्नागिरीजवळच्या एका लहान रुग्णालयात मी उमेदवारी करत असताना, उजवे फुप्फुस न्यूमोनियाने जवळजवळ पूर्ण भरलेला एक शेतकरी दाखल झाला. त्याचे सॅच्युरेशन ८२ होते. पिशवीच्या मास्कने १५ लिटर ऑक्सिजन दिल्यावर ते ८६ वर गेले आणि तिथेच थांबले. आम्ही सिलिंडर बदलला, मास्क बदलला आणि आकडा चढण्याची वाट पाहत बसलो. पिशवी फुगलेली आहे का आणि बोट गार पडलेले नाही ना, हे पाहणे योग्यच होते, पण त्याला दोन मिनिटे पुरेशी होती. आम्ही त्यात चाळीस मिनिटे घालवली.

खाडीवरचे दोन धक्के डोळ्यांसमोर आणा. रक्तपेशी म्हणजे होड्या आणि ऑक्सिजन म्हणजे उतारू. दम्यात एका धक्क्यावरची वाट अरुंद होते, पण ती उघडी असते. उतारूंची गर्दी वाढवली की तिथल्या अर्धवट भरणाऱ्या होड्याही भरून निघतात. हवा आणि रक्त यांचे प्रमाण असे बिघडलेले असते, तेव्हा थोड्याशा ऑक्सिजननेही आकडा सुधारतो. शंटमध्ये मात्र वायुकोश पू किंवा पाण्याने भरलेले असतात, म्हणजे त्या धक्क्याची वाटच बंद असते आणि होड्या रिकाम्याच पुढे जातात. दुसऱ्या धक्क्यावरच्या होड्या आधीच भरलेल्या असल्यामुळे तिथे कितीही गर्दी केली तरी उपयोग होत नाही.

हाच हिशेब आकड्यांत मांडता येतो. निरोगी भागातून येणाऱ्या १०० मिली रक्तात साध्या हवेवरच सुमारे २० मिली ऑक्सिजन असतो, आणि शुद्ध ऑक्सिजनवर तो जेमतेम २२ होतो, कारण हिमोग्लोबिन आधीच भरलेले असल्याने वाढ फक्त विरघळलेल्या ऑक्सिजनची असते. बंद भागातून येणारे रक्त १३ वरच राहिले आणि दोन्ही रक्ते निम्मी-निम्मी मिसळली, तर सरासरी १६.५ वरून १७.५ होते, म्हणजेच सॅच्युरेशन ८२ वरून ८७ च्या आसपास जाते. आमच्या रुग्णाचे नेमके हेच झाले होते.

म्हणून प्रवाह वाढवून थांबणे ही पहिली चूक आहे, तर चढत नाही म्हणून ऑक्सिजन काढून टाकणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण ते चार-पाच अंकही रुग्णाला हवे असतात. त्या शेतकऱ्याला आजारी उजव्या कुशीवर आराम वाटेल म्हणून तसेच झोपवले होते. वरिष्ठांनी त्याला डाव्या कुशीवर वळवले. गुरुत्वाकर्षणाने चांगल्या फुप्फुसाकडे अधिक रक्त गेले आणि आकडा काही वेळात ९० वर आला. खोकल्यातून रक्त किंवा पुष्कळ पू पडत असेल, तर मात्र ते चांगल्या बाजूला उतरू नये म्हणून हा उपाय करू नये, आणि तान्ह्या बाळांना हा नियम लागू होत नाही. मिटलेले वायुकोश उघडे ठेवण्यासाठी दाबाने हवा देणारे यंत्र लागते. ते जवळ नसेल, तर मोठ्या रुग्णालयाला फोन पहिल्या अर्ध्या तासातच गेला पाहिजे.