टीम लंचचे पैसे मागताना या चुका टाळा

बेळगावात उद्यमबागेतल्या कुठल्याही ऑफिसात बघा, लंचचं बिल एकजण फोनवरनं भरतो, बाकीचे "संध्याकाळी टाकतो" म्हणतात, आणि मग चार दिवस कुणी विषयच काढत नाही.

बरेचदा घोळ मागण्याच्या आधीच झालेला असतो, म्हणजे बिल सरसकट भागलेलं असतं. समजा सातजण गेलात, चौघांनी १८० ची व्हेज थाळी घेतली, तिघांनी ३२० ची मटण थाळी, तर झाले १६८०, वर ५ टक्के जीएसटीचे ८४, एकूण १७६४. सातनं भागलं की प्रत्येकी २५२. आता सोमवार पाळणाऱ्याचे खरे होतात १८९, त्याच्याकडं २५२ मागितले तर तो तोंडावर काही बोलणार नाही पण पैसेही टाकणार नाही, आणि तुम्हाला वाटणार हा बुडवालाय. त्यापेक्षा व्हेज १८९, मटण ३३६ असं जीएसटी धरून सांगा, बेरीज बरोबर १७६४ च येते. सरसकटच भागायचं असेल तर ते ऑर्डर द्यायच्या आधी बोलायचं, हात धुतल्यावर नाही.

दुसरं, ग्रुपवर "कोणाचे राहिलेत बघा रे" असं टाकू नका, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यालाच म्हणालाय. बिलाचा फोटो ग्रुपवर एकदा टाका आणि मागायचं ते पर्सनलवर, त्याच दिवशी, आकड्यासकट: "अण्णा, आजच्या जेवणाचे तुमचे ३३६ झालेत, ह्याच नंबरवर टाकता काय?" बस, "गैरसमज नको हं" वगैरे शेपूट लावलं की उगाच अवघड होतं.

काहीजण अजून यूपीआयवरनं रिक्वेस्ट पाठवायला बघतात. ओळखीच्या माणसाला तशी कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय. आपल्या क्यूआरमध्ये रक्कम भरून तो पाठवा, समोरच्यानं फक्त पिन टाकायचा.

आणि "मी पाठवलो की!" असं उत्तर आलं तर लगेच वाद घालू नका. आधी आपलीच सगळी खाती बघा, नंबर दुसऱ्या बँकेला जोडलेला असला तर पैसे तिकडं जाऊन बसतात. तिथं नसतील तर त्याच्याकडनं यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर मागा. त्याच्या खात्यातनं कटून तुमच्याकडं आले नसतील तर नियमानं दुसऱ्या दिवसापर्यंत ते त्याला परत जायला पाहिजेत, तेव्हा त्यालाच त्याचं स्टेटमेंट बघायला सांगा. यूटीआर मागितल्यावर कन्नडमधनं "नाळे कोडतीनि", म्हणजे उद्या देतो, असं आलं की समजायचं, पाठवलेलेच नाहीत.

दोनदा आठवण करूनही काही नाही आलं तर तिसरा मेसेज करण्यात अर्थ नाही. पुढच्या लंचचं बिल त्याला भरायला सांगायचं आणि आपल्या वाटणीतनं ३३६ कापून घ्यायचे, फक्त हे हॉटेलात शिरायच्या आधी त्याच्याशी बोलून ठेवा.