चढावरच्या द्राक्षबागेचा नकाशा वर जाऊन का फाटला

दिंडोरीकडच्या मामांच्या बागेचा ड्रोन नकाशा केला, तर वरच्या टोकाला वेली दुहेरी दिसल्या आणि मधे भोकं पडली. आधी कॅमेऱ्याला दोष दिला. चूक माझीच होती.

मी खालच्या बांधावरून, विहिरीजवळून उडवलं. उंची 60 मीटर, ड्रोनच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतल्या फोटोंचा ओव्हरलॅप 70 टक्के. पण ॲपमधली उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते आणि रान वर जाताना 20 मीटर चढतं. म्हणजे वरच्या टोकाला ड्रोन जमिनीपासून 40 मीटरवरच. फोटोत मावणारी रुंदी दोन तृतीयांश झाली, पट्ट्यांमधलं अंतर मात्र तेच. ओव्हरलॅप उरला 55 टक्के. त्यात द्राक्षाच्या ओळी सगळ्या सारख्या, सॉफ्टवेअरला जुळवायला खूण सापडेना.

दुसऱ्यांदा वरच्या बांधावरून उडवलं. उंची तीच, 60. आता खालच्या टोकाला 80 मीटर मिळाले, तिथे तपशील थोडा ढोबळ आला, पण ओव्हरलॅप 77 टक्क्यांवर गेला. शिवाय एकाच पट्टीतल्या पुढच्या-मागच्या फोटोंचा ओव्हरलॅप 80 टक्के केला.

कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा आणि उंची मोजून जमिनीवर ठेवलेल्या खुणा, पहिल्यांदा सगळे खालच्या रस्त्याकडेला ठेवले होते, आळस! या वेळी चार कोपऱ्यांजवळ आणि एक मधल्या वाटेवर, फ्लेक्सचे पांढरे चौकोन, पानांच्या सावलीबाहेर. आणखी दोन मोजून ठेवले, पण प्रोसेसिंगला दिले नाहीत. त्यांची नकाशातली उंची मोजलेल्या उंचीशी ताडून पाहिली, तेव्हाच मामांना फाइल दिली.